आरडीचं खातं आणि दोन टाक्या: 'व्हेरिएशन ऑफ पॅरामीटर्स' म्हणजे नेमकं काय?

माझी भाची इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परीक्षेच्या आठवड्यात तिचा फोन आला. "मामा, उत्तर बरोबर येतंय रे माझं, पण हे u मध्येच कुठून येतात? आधी c होते, ते स्थिरांक होते. मग सर म्हणाले, आता त्यांना t चं फल समजा. स्थिरांक अचानक बदलायला कसे लागले?"

प्रश्न अगदी नेमका होता. डिफरन्शिअल इक्वेशन सोडवायच्या 'व्हेरिएशन ऑफ पॅरामीटर्स' या पद्धतीत ही पायरी पुस्तकात एका ओळीत येते, सूत्र पाठ होतं, गुणही मिळतात आणि शंका तशीच राहून जाते. तिला फोनवर जे सांगितलं ते इथे सविस्तर मांडतो. त्यासाठी मिठाच्या पाण्याच्या दोन टाक्या लागतील आणि पोस्टातलं एक आरडीचं खातं.

दोन टाक्या, सहा नळ, एक पुरचुंडी

शेजारी शेजारी दोन टाक्या आहेत, अ आणि ब. दोन्हींत १०० लिटर पाणी. प्रत्येकीत मिनिटाला १० लिटर गोडं पाणी बाहेरून येतं आणि १० लिटर पाणी गटारात जातं. शिवाय अ मधून ब मध्ये मिनिटाला १० लिटर जातं आणि तेवढंच ब मधून अ मध्ये परत येतं. पाण्याची पातळी त्यामुळे कायम राहते. दोन्ही टाक्यांत पाणी सतत ढवळलं जातंय, म्हणजे मीठ सगळीकडे सारखं पसरतं, असं धरू.

आता अ टाकीत कापडाच्या पुरचुंडीत ४ किलो खडेमीठ बांधून सोडलं. पुरचुंडीत जितकं मीठ उरलंय त्या प्रमाणात ते विरघळतं असं मानू. सुरुवातीला भराभर, मग हळूहळू.

कोणत्या क्षणी कोणत्या टाकीत किती मीठ असेल?

आकडे सुटसुटीत राहावेत म्हणून वेळ १० मिनिटांच्या टप्प्यांत मोजू. t = 1 म्हणजे १० मिनिटं, t = 2 म्हणजे २० मिनिटं. अ मधलं मीठ x किलो, ब मधलं y किलो. एका टप्प्यात अ मधून एकूण २०० लिटर पाणी बाहेर पडतं, म्हणजे टाकीच्या दुप्पट. म्हणून x कमी होण्याचा वेग 2x. ब कडून १०० लिटर येतं, म्हणून वाढीचा वेग y. आणि पुरचुंडीतून येणारं मीठ 4e^(-t) या वेगाने येतं. ब टाकीचा हिशेबही तसाच, फक्त पुरचुंडी नाही.

```
x' = -2x +  y + 4e^(-t)
y' =   x - 2y
```

x' म्हणजे x बदलण्याचा वेग. हीच आपली 'लिनियर सिस्टिम'. दोन अज्ञात राशी एकमेकींत गुंतलेल्या आहेत, पण कुठेही वर्ग नाही आणि x गुणिले y नाही. पुरचुंडीचं पद, म्हणजे 4e^(-t), बाहेरून येतं. ते असल्यामुळे ही सिस्टिम 'नॉनहोमोजिनियस' झाली. ते काढून टाकलं की उरते ती 'होमोजिनियस', म्हणजे टाक्या आपल्या आपण जशा वागतील तशा.

आधी पुरचुंडी बाजूला ठेवू

पुरचुंडी नाही, पण टाक्यांत आधीचं थोडं मीठ आहे असं समजा. मग काय होईल?

दोन्हींत सारखं मीठ असेल तर देवाणघेवाणीने काहीच बदलत नाही. जेवढं गेलं तेवढंच आलं. मीठ फक्त गटारातून कमी होतं, e^(-t) च्या वेगाने. हा झाला पहिला ठराविक कल, दिशा (1, 1).

दुसरा कल टाक्यांमधल्या फरकाचा. अ मध्ये सरासरीपेक्षा जितकं जास्त, ब मध्ये तितकंच कमी. हा फरक दोन बाजूंनी पुसला जातो, एक गटारामुळे आणि दुसरा देवाणघेवाणीमुळे. म्हणून तो जास्त वेगाने विरतो, e^(-3t) ने. दिशा (1, -1).

टाक्यांची कोणतीही सुरुवातीची अवस्था या दोन कलांच्या मिश्रणातून बनवता येते. हे दोन कल शेजारी शेजारी उभ्या स्तंभांत लिहिले की जो चौकोन तयार होतो त्यालाच 'फंडामेंटल मॅट्रिक्स' म्हणतात. त्याला Φ हे चिन्ह वापरू.

```
Φ(t) = | e^(-t)   e^(-3t) |
       | e^(-t)  -e^(-3t) |
```

पुरचुंडीशिवायचं उत्तर मग Φ गुणिले c. c मध्ये दोन स्थिरांक असतात, पहिला कल किती आणि दुसरा किती. एकदा ठरले की ठरले, कारण बाहेरून ढवळाढवळ करणारं कोणी नाही.

स्थिरांक हलायला का लागतात?

आता पुरचुंडी परत आत सोडू. प्रत्येक क्षणी थोडं नवं मीठ येतंय आणि ते फक्त अ मध्ये येतंय. त्यामुळे 'पहिला कल किती, दुसरा किती' हे प्रमाण प्रत्येक क्षणी थोडं सरकतं. टाक्यांचा स्वभाव तोच राहिला, कारण नळ बदललेले नाहीत. बदलतंय ते फक्त मिश्रणाचं प्रमाण. म्हणून c ऐवजी u(t) लिहायचं आणि उत्तर Φu या रूपात शोधायचं. भाचीला ही जी ओळ जादूसारखी वाटली होती, तिचा अर्थ एवढाच.

ही कल्पना वर्गात जन्मली नाही. ती ग्रहांच्या अभ्यासातून आली. एकट्या सूर्याभोवती फिरणारा ग्रह ठरलेल्या लंबवर्तुळात फिरतो आणि ते लंबवर्तुळ काही स्थिरांकांनी ठरतं. पण गुरू आणि शनी एकमेकांनाही ओढतात. ऑयलरने १७४८ साली या दोघांच्या परस्पर ओढीचा अभ्यास करताना ही वाट धरली, आणि पुढे लाग्रांजने तिला पक्कं रूप दिलं. त्यांचा विचार असा: ग्रह प्रत्येक क्षणी कोणत्या ना कोणत्या लंबवर्तुळावरच आहे असं समजा, फक्त ते लंबवर्तुळ स्वतःच हळूहळू बदलतंय. स्थिरांकांना सरकू दिलं की उरलेली सगळी ओळखीची गणिती रचना जशीच्या तशी वापरता येते. नावातले 'पॅरामीटर' म्हणजे हेच स्थिरांक.

आता सूत्र कसं निघतं ते पाहू. Φu चं डिफरन्शिएशन गुणाकाराच्या नियमाने केलं की दोन तुकडे होतात, Φ'u आणि Φu'. पहिला तुकडा म्हणजे टाक्यांचं नेहमीचं वागणं. समीकरणाच्या उजव्या बाजूलाही तोच आहे, म्हणून दोन्हीकडून तो कटतो. मागे उरतं:

```
Φ u' = f
```

f म्हणजे बाहेरून येणारं, इथे (4e^(-t), 0). शब्दांत सांगायचं तर या क्षणी आलेलं मीठ दोन कलांत वाटून टाका, प्रत्येकाच्या वाट्याला जे येईल तो u चा वेग.

प्रत्यक्ष सोडवून पाहू

वरची ओळ उलगडून लिहिली की दोन साधी समीकरणं मिळतात.

```
e^(-t) u1' + e^(-3t) u2' = 4e^(-t)
e^(-t) u1' - e^(-3t) u2' = 0
```

बेरीज केली की u1' = 2. वजाबाकी केली की u2' = 2e^(2t). मॅट्रिक्सचा व्यस्त न काढताच काम झालं. दोन समीकरणं असतील तर मी नेहमी असंच करतो, चुकायला जागा कमी राहते.

सुरुवातीला टाक्या गोड्या पाण्याच्या होत्या, म्हणून 0 पासून t पर्यंत इंटिग्रेट करायचं. u1 = 2t आणि u2 = e^(2t) - 1. ते Φ ने गुणले की:

```
x = 2t e^(-t) + e^(-t) - e^(-3t)
y = 2t e^(-t) - e^(-t) + e^(-3t)
```

१० मिनिटांनी अ मध्ये साधारण १.०५४ किलो आणि ब मध्ये ०.४१८ किलो मीठ असेल. अ मधलं मीठ ८ मिनिटांच्या सुमारास सर्वांत जास्त असतं, जवळपास १.०८ किलो. ब ला शिखर गाठायला १४ मिनिटं लागतात आणि तिथे ते ४६० ग्रॅमपर्यंतच पोचतं. मीठ आधी अ मध्ये येतं आणि तिथून ब कडे झिरपतं, त्यामुळे हा उशीर आणि हे बुटकं शिखर अपेक्षितच आहे.

"पण u2 तर वाढतच चाललाय!"

हा आक्षेप हुशार विद्यार्थी हमखास घेतात. e^(2t) भराभर वाढतो. टाकीत ४ किलोपेक्षा जास्त मीठ कधीच नसणार, मग एवढा मोठा आकडा कसा?

u2 म्हणजे मीठ नव्हे, ते e^(-3t) च्या कलाचं प्रमाण आहे. तो कल विरायला इतका उतावीळ असतो की प्रत्यक्षातला छोटासा फरक दाखवायलाही प्रमाण मोठं लागतं. गुणाकार केल्यावर e^(-t) - e^(-3t) एवढंच उरतं, आणि ते लहानच राहतं.

हिशेब जुळतो का?

उत्तरावर नुसता विश्वास ठेवू नये, मीठ मोजावं. १० मिनिटांनी पुरचुंडीत 4e^(-1), म्हणजे १.४७ किलो उरलं. दोन्ही टाक्यांत मिळून १.४७ किलो. गटारात एका टप्प्यात दोन्ही टाक्यांतल्या मिठाएवढ्या वेगाने मीठ जातं, आणि टाक्यांतलं एकूण मीठ 4t e^(-t) आहे. त्याचं 0 ते 1 इंटिग्रल १.०६ किलो. तिन्ही मिळून बरोबर ४ किलो. एक ग्रॅमही हरवला नाही.

आता आरडी

सूत्राचा खरा अर्थ मला विचाराल तर या भागात आहे. पुस्तकातलं पूर्ण सूत्र असं दिसतं:

```
X(t) = Φ(t)Φ⁻¹(0)X(0) + ∫₀ᵗ Φ(t)Φ⁻¹(s) f(s) ds
```

X म्हणजे (x, y), आणि Φ⁻¹ म्हणजे Φ चा व्यस्त. पोस्टातली पाच वर्षांची आरडी डोळ्यांसमोर आणा. ६० हप्ते भरायचे. शेवटी हाती येणारी रक्कम कशी काढतात? पहिला हप्ता ६० महिने व्याज खातो, दुसरा ५९ महिने, शेवटचा एकच महिना. प्रत्येक हप्ता आपापल्या मुदतीपुरता वेगळा वाढवायचा आणि मग सगळ्यांची बेरीज करायची.

वरच्या सूत्रात s म्हणजे हप्ता भरल्याचा क्षण, f(s) म्हणजे हप्ता, आणि Φ(t)Φ⁻¹(s) म्हणजे त्या हप्त्याचं s पासून t पर्यंत काय झालं ते. इंटिग्रल म्हणजे बेरीज. पहिलं पद म्हणजे खात्यात आधीपासून असलेली रक्कम. फरक दोनच. इथे रक्कम वाढत नाही, गटारातून घटते, आणि घटता घटता दोन खात्यांत फिरते.

आपल्या टाक्यांसाठी τ = t - s एवढा वेळ गेल्यावर हा प्रवास असा होतो: अ मध्ये टाकलेल्या एका किलोपैकी (e^(-τ) + e^(-3τ))/2 अ मध्ये उरतं आणि (e^(-τ) - e^(-3τ))/2 ब मध्ये पोचतं. १० मिनिटांनी २०९ ग्रॅम अ मध्ये, १५९ ग्रॅम ब मध्ये आणि बाकीचं ६३२ ग्रॅम गटारात. पुरचुंडीतून सुटलेल्या मिठाच्या प्रत्येक कणाची हीच कथा आहे, फक्त प्रत्येकाचं घड्याळ वेगळ्या क्षणी सुरू होतं.

अंदाजाने उत्तर काढता येत नाही का?

येतं, कधी कधी. f मध्ये e^(-t) आहे, तर उत्तर (a, b) गुणिले e^(-t) असेल असा अंदाज करून पाहू. समीकरणांत घातलं की पहिल्यातून a - b = 4 मिळतं आणि दुसऱ्यातून a - b = 0. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही.

एकट्या समीकरणात अशा वेळी t ने गुणायची युक्ती शिकवतात. सिस्टिममध्ये नुसती तीही पुरत नाही. (a, b) t e^(-t) घालून पाहिलं तर (a, b) हे (4, 0) असायला हवं आणि त्याच वेळी (1, 1) च्या दिशेतही हवं. म्हणून t e^(-t) बरोबर साधं e^(-t) चं पदही सोबत घ्यावं लागतं. इथे दर वर्षी अनेकांची उत्तरं अडकतात.

आपल्या पद्धतीत यातलं काहीच आधी ओळखावं लागलं नाही. 2t आपोआप आला. का आला, ते आरडीच्या नजरेने दिसतं. पहिल्या कलात s या क्षणी भरलेला हप्ता e^(-s) च्या प्रमाणात असतो आणि t पर्यंत तो e^(-(t-s)) ने घटतो. गुणाकार केला की e^(-t), त्यात s उरतच नाही. लवकर आलेलं मीठ जास्त होतं पण जास्त वेळ घटलं, उशिरा आलेलं कमी होतं पण कमी घटलं. दोन्ही नेमकं फिटतं. प्रत्येक क्षणाचा आजच्या साठ्यातला वाटा सारखाच, म्हणून जितका वेळ गेला तितके वाटे. तोच t.

हात कुठे अडखळतो

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे इंटिग्रलच्या आत Φ⁻¹(s) ऐवजी Φ⁻¹(t) लिहिणं. हप्ता भरला त्या दिवसाची तारीख घ्यायची असते, पासबुक बघितलं त्या दिवसाची नव्हे. दुसरी चूक खालची मर्यादा विसरण्याची. u2 मध्ये -1 घेतला नाही तर t = 0 ला x = 2t e^(-t) + e^(-t) ची किंमत 1 येते, म्हणजे गोड्या पाण्याच्या टाकीत एक किलो मीठ! सुरुवातीची किंमत घालून पाहिली की ही चूक लगेच पकडली जाते.

Φ बरोबर आहे का, याचीही एक पटकन होणारी तपासणी आहे. तिचा डिटर्मिनंट काढा. इथे तो -2e^(-4t) येतो. घातांकातला -4 हा समीकरणातल्या कर्णावरच्या -2 आणि -2 ची बेरीज असायलाच हवा. तो तसा नसेल तर एखादा स्तंभ चुकला. आणि डिटर्मिनंट शून्य आला तर एकच कल दोनदा लिहिला गेलाय.

संगणकावर वेगळी अडचण येते. हाच Φ घेऊन १० तासांनंतरचं उत्तर काढायचं म्हटलं तर t = 60. डिटर्मिनंट e^(-240) च्या घरात जातो आणि Φ⁻¹ मध्ये अवाढव्य आकडे येतात. म्हणून Φ(t) आणि Φ⁻¹(s) वेगवेगळे काढून गुणण्यापेक्षा t - s चा एकच मॅट्रिक्स थेट काढतात.

ही पद्धत कुठे थांबते

कोणी नळ हळूहळू फिरवत असेल, म्हणजे टाक्यांमधली देवाणघेवाण वेळेनुसार बदलत असेल, तरी सूत्र खरंच राहतं. पण e^(-t) आणि e^(-3t) असे सोपे कल मिळत नाहीत, Φ बहुधा संगणकानेच काढावा लागतो. शिवाय हप्ता किती जुना आहे एवढं पुरत नाही, तो कोणत्या महिन्यात भरला हेही लागतं. व्याजदर दर महिन्याला बदलत असता तर आरडीचंही तसंच झालं असतं.

पण समजा, अ मधला खारटपणा वाढला की पंप आपोआप जोरात चालू लागतो. आता एका कणाचा प्रवास बाकीचे कण किती आहेत यावर अवलंबून झाला. प्रत्येक हप्त्याचा वेगळा हिशेब करून बेरीज करणं तिथे चालतच नाही, आणि ही पद्धतही चालत नाही.

पुरचुंडी मध्येच काढली तर?

भाचीने शेवटी हे विचारलं. "दहा मिनिटांनी कोणी पुरचुंडी उचलून नेली तर सगळं परत करायचं का?"

नाही. t = 1 नंतर f शून्य, म्हणून u' शून्य. u1 तिथेच २ वर थांबतो आणि u2 तिथेच e^2 - 1, म्हणजे ६.३९ वर. पुढचं उत्तर म्हणजे हे दोन आकडे Φ(t) ने गुणायचे. २० मिनिटांनी अ मध्ये २८७ ग्रॅम आणि ब मध्ये २५५ ग्रॅम. पुरचुंडी तशीच राहिली असती तर अ मध्ये ६७४ आणि ब मध्ये ४०९ ग्रॅम असतं.

ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे मामा, ते परत c झाले."